चेहऱ्याचा फोटो पाठवण्याआधी चट्ट्याला हात लावून पाहा

मोहफुलं वेचून झाली, तेंदूपत्ता तोडून झाला की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कितीतरी जणींचे गाल काळवंडलेले असतात. मग चेहऱ्याचा फोटो काढायचा, मेडिकलवाल्याला पाठवायचा आणि तो देईल ते मलम लावायचं. बायांनो, एवढी घाई करू नका.

दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर साधारण सारखेच तपकिरी डाग असतील तर ते बहुधा वांग असतात. उन्हानं वांग गडद होतं आणि गरोदरपणातही उमटतं. फोटोत ते बऱ्यापैकी ओळखू येतं. पण रंग कातडीत किती खोल गेला आहे, हे फोटो सांगत नाही. खरखरीतपणाचंही तसंच. बाजूनं उजेड पडला तर बारीक खड्डेही मोठे दिसतात आणि फोनचा चेहरा उजळवणारा फिल्टर तेच खड्डे पुसून टाकतो.

खरा धोका फिकट चट्ट्याचा आहे. वरोऱ्याचं आनंदवन ज्या रोगामुळे उभं राहिलं, तो कुष्ठरोग आपल्या भागातून अजून गेलेला नाही. सावळ्या चेहऱ्यावर त्याचा चट्टा आजूबाजूपेक्षा थोडा फिका किंवा तांबूस असतो. फोन चेहरा आपोआप उजळ करतो, त्यात तो सहज हरवतो. लहान मुलांच्या गालावरचे कोंड्यासारखे पांढुरके डागही फोटोत असेच दिसतात आणि ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. फरक ओळखायला स्पर्शाची मदत होते.

घरी असं करा. कापसाची बारीक वात करा. जिला चट्टा आहे तिच्या आधी चांगल्या कातडीला टेकवून दाखवा, मग तिला डोळे मिटायला सांगा. चट्ट्यावर आणि बाहेर आलटून-पालटून वात हलकेच टेकवा. जिथं लागलं तिथं तिनं बोट ठेवायचं. चट्ट्यावरचा स्पर्श कळला नाही, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मात्र स्पर्श कळला म्हणजे रोग नाही, असं समजू नका. चेहऱ्याला नसांचं जाळं दाट असतं, म्हणून तिथल्या चट्ट्यावर संवेदना बरेचदा शाबूत राहते. कानाची पाळी जाड झाली असेल, भुवई विरळ होत असेल किंवा डोळा पूर्ण मिटत नसेल, तर कापसाची परीक्षा बाजूला ठेवून थेट दाखवायला जा. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं.

गोरं करणारी मलमं स्वतःहून लावू नका. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असतं. चेहरा आठ-पंधरा दिवस उजळतो, नंतर कातडी पातळ होते आणि लाल पडते.

फोटो पाठवायचाच असेल तर सकाळी, चेहरा धुऊन, पावडर न लावता, ओसरीत उजेडाकडे तोंड करून काढा. फिल्टर आणि फ्लॅश बंद ठेवा. एक फोटो समोरून आणि दोन्ही बाजूंनी एकेक घ्या. सोबत लिहा: डाग कधीपासून आहे, वाढतोय का, कापूस लागल्याचं कळलं का, आधी काय लावलं होतं. आणि तो मेडिकलवाल्याला नव्हे, आशाताईंना किंवा डॉक्टरांना पाठवा.