कडेच्या मापाचा भरवसा

टेबलापासून बरोबर १ मीटर उंचीवर एक कॅमेरा सरळ खाली पाहत बसवला आहे, असे धरा. चित्राची रुंदी १२८० पिक्सेल आणि भिंगाचे नाभीय अंतर १००० पिक्सेल, म्हणजे टेबलावरचा १ मिलिमीटर चित्रात १ पिक्सेल भरावा. २०० मिलिमीटर लांबीची पत्र्याची पट्टी मधोमध ठेवली की चित्रावरून माप येते १९९.६. तीच पट्टी कडेला, मध्यापासून ४०० ते ६०० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवली की माप येते १६९.६. पट्टी बदललेली नाही, कॅमेरा हललेला नाही, तरी ३० मिलिमीटर गायब.

हे भिंगाच्या विकृतीचे काम. रुंद कोनाचे भिंग कडेचे बिंदू मध्याकडे ओढून घेते आणि ही ओढ मध्यापासूनच्या अंतराच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वरच्या उदाहरणात विकृतीचा पहिला गुणांक k1 उणे ०.२ धरला आहे. तेवढ्याने मध्यापासून १०० पिक्सेलवरचा बिंदू ०.२ पिक्सेलच सरकतो, पण ६०० पिक्सेलवरचा ४३ पिक्सेल सरकतो. म्हणून मधोमध ठेवलेल्या वस्तूवर कॅमेऱ्याची परीक्षा घेतली, तर त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही.

यावरचा उपाय स्वस्त आहे. झेंगयो झांग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीला काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक सपाट पट पुरतो. पट निरनिराळ्या कोनांत धरून पंधरा-वीस छायाचित्रे घ्यायची. चौकटींचे कोपरे जिथे मिळतात ते बिंदू संगणक पिक्सेलच्या अंशापर्यंत शोधतो. पटावर ते समान अंतरावर आहेत हे ठाऊक असल्याने नाभीय अंतर, चित्राचा खरा मध्य आणि विकृतीचे गुणांक त्यातून काढता येतात. ओपनसीव्हीमध्ये हे काम calibrateCamera करते. शेवटी ते एक आकडा देते: काढलेल्या गुणांकांनी कोपरे पुन्हा चित्रावर मांडले, तर ते प्रत्यक्ष सापडलेल्या जागांपासून सरासरी किती पिक्सेल दूर पडतात.

हा आकडा ०.३ आला की काम फत्ते झाले असे मानण्याची सवय पडली आहे, आणि आमचा आक्षेप नेमका तिला आहे. पट सगळ्या छायाचित्रांत मध्यभागीच धरला असेल, तरी आकडा सुंदरच येतो, कारण तो फक्त जिथे कोपरे होते तिथल्याबद्दल बोलतो. कडेला गुणांकांनी अंदाज बांधलेला असतो आणि तो कितीही भरकटू शकतो. पट नेहमी कॅमेऱ्यासमोर सरळ धरला, तर आणखी एक गोची होते. जवळचा पट लहान नाभीय अंतराने आणि दूरचा पट मोठ्या नाभीय अंतराने सारखाच दिसतो, त्यामुळे दोन्ही वेगळे करताच येत नाहीत. म्हणून काही छायाचित्रांत पट चांगला ३०-४० अंश कलता हवा, आणि सगळी मिळून चित्राचे चारही कोपरे पटाने व्यापलेले हवेत.

पटाचीही आधी तपासणी करावी. प्रिंटर ‘पानात बसवा’ या पर्यायाने छपाई गुपचूप लहान करतो. २५ मिलिमीटरच्या दहा चौकटी २५० ऐवजी २४२.५ भरल्या, तरी दोन्ही दिशांनी सारख्याच आक्रसल्या असतील तर वरचा आकडा जराही वाढत नाही, मात्र पुढे पटावरून काढलेले प्रत्येक अंतर ३ टक्क्यांनी चुकते. म्हणून छापलेला पट पट्टीने मोजून खरे माप संगणकाला द्यावे. कागद नुसता पुठ्ठ्यावर चिकटवू नये. पुठ्ठा वाकतो आणि त्याचा बाक भिंगाच्या खाती जमा होतो. जाड काच चांगली. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस बंद हवा, कारण फोकस हलला की नाभीय अंतरही बदलते आणि आधीचे गुणांक लागू राहत नाहीत.

खरी परीक्षा मात्र वेगळ्या वस्तूवर व्हावी. गुणांक काढताना न वापरलेली पोलादी पट्टी आधी मधोमध आणि मग चारही कडांना ठेवावी, आणि दुरुस्त केलेल्या चित्रावरून मोजावी. पाचही मापे २०० च्या किती जवळ आली, ते लिहून ठेवावे. मापे पुरवणाऱ्याकडून ग्राहकाने हाच तक्ता मागावा.

एवढे करूनही एक मर्यादा उरते. एका कॅमेऱ्याला खोली कळत नाही. पट्टीच्या जागी २० मिलिमीटर जाडीचा ठोकळा आला, तर त्याचा वरचा पृष्ठभाग भिंगाच्या तेवढा जवळ येतो आणि २०० चे माप २०४ दिसते. हा दोष भिंगाचा नाही, त्यामुळे पटाच्या कितीही छायाचित्रांनी तो जात नाही. वस्तूची जाडी वेगळी मोजून हिशेबात धरावीच लागते.