सगळे एकदम परत येतात
बाजार साडेतीनला बंद होतो आणि पावणेचारच्या ठोक्याला आपला क्रॉन जॉब शेकडो शेअरचे भाव मागत सुटतो. सर्व्हर 429 तोंडावर मारतो. मग 1, 2, 4, 8 सेकंद असं दुपटीने थांबायचं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण एकाच क्षणी अडलेले वीस वर्कर दुप्पट थांबूनही एकत्रच परततात. लॉगमध्ये 429 चे झुबके वाढत्या अंतराने दिसले, की हेच घडतंय असं समजावं. अशा वेळी चौथ्या खेपेला नेमके 8 नव्हे, तर 0 ते 8 मधले कितीही सेकंद प्रत्येकाने आपापले निवडावेत. उत्तरात `Retry-After` असेल तर मात्र त्याआधी फिरकू नये. आणि दुपटीने वाढणाऱ्या थांबण्याला 60 सेकंदांची मर्यादा घालाच. नाहीतर दहाव्या खेपेची वाट साडेआठ मिनिटांवर जाते.