एकच आकडा, दोन निदाने!

गेल्या महिन्यात भिसेगावातील एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय ५६. मुलीच्या बाळंतपणासाठी चार महिने अमेरिकेत, न्यू जर्सीला राहून नुकतेच परतले होते. तेथे त्यांचा रक्तदाब १३६/८४ भरला आणि तेथील डॉक्टरांनी कागदावर 'उच्च रक्तदाब, पहिला टप्पा' असे लिहून दिले. गोळी मात्र दिली नाही. मी मोजला तेव्हाही आकडा तोच आला. मी म्हटले, "याला मी उच्च रक्तदाब म्हणणार नाही. तुम्ही काठावर आहात." गृहस्थ जरा रागावलेच. "डॉक्टरसाहेब, विमानात बसलो आणि आजार बरा झाला काय? तिकडचे खरे की तुमचे?"

प्रश्न रास्त आहे. हल्ली कर्जतमधील पुष्कळ घरांतून मुले परदेशी आहेत, तेव्हा तो इतरांनाही पडत असणार.

पहिली गोष्ट ही की, रक्तदाबात निसर्गाने कोठेही रेघ मारलेली नाही. मलेरियाचा जंतू रक्तात एकतर सापडतो किंवा सापडत नाही. रक्तदाबाचे तसे नाही. सुमारे दहा लाख लोकांची माहिती एकत्र करून २००२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, ४० ते ६९ या वयात वरचा आकडा ११५ पासून पुढे दर २० अंकांनी वाढला की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. धोका असा चढणीसारखा वाढत जातो. १३९ ला काही नाही आणि १४० ला एकदम आजार, असे होत नाही. रेघ माणसाने मारायची असते, आणि ती अशा जागी मारायची की जेथून पुढे उपचाराचा फायदा त्याच्या त्रासापेक्षा व खर्चापेक्षा जास्त ठरेल. हा हिशेब प्रत्येक देश आपापल्या परीने करतो.

अमेरिकेने २०१७ साली ही रेघ १४०/९० वरून १३०/८० वर आणली. त्यामागे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचा मोठा वाटा होता. तीत पन्नाशीपुढील ९,३६१ लोक होते. ज्यांचा वरचा आकडा १२० च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला, त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात व तत्सम घटना १४० च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्या. परंतु हे सर्व लोक आधीच जास्त जोखमीचे होते, मधुमेही त्यांत घेतलेच नव्हते, आणि रक्तदाब पाच मिनिटे शांत बसवून स्वयंचलित यंत्राने मोजला जाई. शिवाय कडक उपचाराच्या गटात रक्तदाब फार उतरणे, चक्कर येऊन शुद्ध हरपणे आणि मूत्रपिंडाला इजा होणे हे प्रकार जास्त आढळले.

युरोपच्या तज्ज्ञांनी हीच चाचणी वाचली, तरी २०२४ मध्येही आजाराची रेघ त्यांनी १४०/९० वरच ठेवली. खालच्या आकड्यांसाठी 'वाढलेला रक्तदाब' अशी वेगळी पायरी केली. आपल्याकडील मार्गदर्शक तत्त्वांतही १४०/९० हीच रेघ आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या सरकारी उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमाने तीच घेतली. महाराष्ट्रात त्याचा आरंभ सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा या जिल्ह्यांतून झाला. मला ही भूमिका पटते. आपल्याकडे १६० च्या वर असलेली, पण ते ठाऊकच नसलेली माणसे गावोगाव आहेत. रेघ दहा अंकांनी खाली आणली, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत काठावरच्यांची गर्दी होईल आणि खरा धोक्यातला मनुष्य त्यात हरवेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'आजाराचे नाव' आणि 'गोळी' यांच्या रेघा निरनिराळ्या आहेत. आमच्या गृहस्थांना अमेरिकेत नाव मिळाले, पण गोळी मिळाली नाही, ती याचमुळे. त्यांना मधुमेह नाही, तंबाखू नाही, हृदयाचा पूर्वीचा त्रास नाही. त्याच आठवड्यात त्यांच्याच वयाचे दुसरे एक गृहस्थ आले. आकडा तोच, १३६/८४. परंतु दहा वर्षांचा मधुमेह, आणि लघवीतून प्रथिने जात होती. त्यांना मी गोळी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांतही मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार असणाऱ्यांना १३० पासूनच औषधाचा विचार करावा असे आहे. म्हणून काठावरच्या माणसाने आकड्याबरोबर आपली साखर, क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्यावी. निर्णय तेथे होतो.

तिसरी गोष्ट, तो आकडा खरा आहे काय? दहा अंकांवर वाद घालताना मोजण्यातच दहा अंकांची चूक होऊ शकते, हे आपण विसरतो. मोजताना बोलणे, हात लोंबता ठेवणे, पट्टा आखूड असणे, लघवी तुंबलेली असणे, नुकताच चहा किंवा तंबाखू घेतलेला असणे, यांतील कोणत्याही गोष्टीने आकडा वर जातो. आम्हा डॉक्टरांचाही एक जुना दोष आहे : १३६ दिसले तरी घाईत '१४०' असे गोल करून लिहिणे. काठावरच्या माणसाचे निदान त्या एका शून्याने बदलते.

म्हणून त्या गृहस्थांना मी आठवडाभर घरी मोजायला सांगितले. दंडावर बांधायचे यंत्र. सकाळी व संध्याकाळी, पाच मिनिटे पाठ टेकून बसल्यावर, हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. सात दिवसांचे २८ आकडे झाले. पहिल्या दिवसाचे चार सोडून दिले आणि उरलेल्या २४ ची सरासरी काढली. ती १२७/७९ आली. घरच्या मोजणीची रेघ आपल्याकडे १३५/८५ धरतात, अमेरिकेत १३०/८०. म्हणजे गृहस्थ दोन्हींच्या खाली! दवाखान्याच्या खुर्चीत चढणारा रक्तदाब होता तो. याचा उलट प्रकारही असतो, दवाखान्यात ठीक आणि घरी जास्त. तो अधिक फसवा, कारण त्याला कोणी शोधतच नाही.

गोळी नाही म्हणजे काही करायचे नाही, असे मात्र नव्हे. अशा माणसांचा रक्तदाब पुढे खरोखरच चढण्याचा संभव इतरांहून जास्त असतो. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात लोणचे, पापड, सुकी मासळी यांतलेही धरायचे. वजन जास्त असल्यास चार-पाच किलो उतरवावे. दर सहा महिन्यांनी पुन्हा घरी आठवडाभर मोजावे. सरासरी १३५/८५ ओलांडू लागली, तर त्या दिवशी वाद संपला असे समजावे.

गृहस्थ वही मिटून म्हणाले, "म्हणजे दोघेही डॉक्टर खरे?" मी म्हटले, "दोघांनी एकाच चढणीवर वेगवेगळ्या जागी खुणा केल्यात. तुम्ही कोठे उभे आहात, ते त्या वहीने सांगितले."