काचेचं छत, मे महिना आणि एसीची हार: टेरेसवरची सनरूम खरंच वापरता येते का?

टेरेस फ्लॅट घेतला की दुसऱ्याच महिन्यात डोक्यात येणारी आयडिया म्हणजे वर काचेचं छत टाकून मस्त सनरूम करायची. रील्समध्ये ती भारी दिसते, कारण ती रील्स बहुतेक सकाळी सात वाजता शूट होतात. मे महिन्यात दुपारी एक वाजता तिथे फोन चार्जिंगला लावून बघा, थोड्याच वेळात स्क्रीनवर तापमानाची वॉर्निंग येईल.

पुण्यात माझ्या मावसभावाने अशी खोली करायचं ठरवलं. फॅब्रिकेटरचं कोटेशन त्याने मला व्हॉट्सॲपवर पाठवलं: साधी काच, आतून रोलर ब्लाइंड आणि दीड टनाचा एसी. 'हे चालेल ना रे?' एवढाच प्रश्न होता. मी हिशोब करून बघितला. तोच इथे देतोय, कारण खोली कुठलीही असली तरी गणित तेच राहतं.

आधी आकडे

पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो. त्या दिवशी दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. भिंतीतल्या खिडकीवर तेव्हा ऊन तिरकं पडतं, काचेच्या छतावर मात्र पूर्ण ताकदीने. स्वच्छ आकाश असेल तर दर चौरस मीटरला साधारण 900 वॅट धरायला हरकत नाही. खोली 4 मीटर बाय 3 मीटर, म्हणजे छत 12 चौरस मीटर. म्हणजेच छतावर 10,800 वॅट पडतात.

यातले आत किती येतात, हे काचेचा एकच आकडा सांगतो: एसएचजीसी. सूर्याच्या एकूण उष्णतेपैकी किती भाग आत पोहोचतो, ते प्रमाण. साध्या पारदर्शक काचेचा एसएचजीसी सुमारे 0.82 असतो. म्हणजे आत आले जवळपास 8,900 वॅट. दीड टनाचा एसी पूर्ण जोर लावून सुमारे 5,300 वॅट उष्णता बाहेर काढतो. सामना सुरू व्हायच्या आधीच संपला!

ब्रोशरमधला कुठला आकडा बघायचा?

दुकानात '99 टक्के यूव्ही कट' आणि '90 टक्के आयआर रिजेक्शन' हे दोन आकडे हमखास ऐकवले जातात. दोन्ही खरे असू शकतात आणि तरीही खोली तापू शकते. सूर्याच्या ऊर्जेत यूव्हीचा वाटा अगदी थोडा असतो. ऊर्जेचा जवळपास अर्धा भाग इन्फ्रारेड असतो आणि बाकीचा बराचसा दिसणारा प्रकाश. तो प्रकाशही फरशीवर पडला की उष्णताच होतो. शिवाय आयआरचा आकडा बऱ्याचदा इन्फ्रारेडच्या एका छोट्या पट्ट्यापुरताच मोजलेला असतो. म्हणून डेटाशीटवर थेट `SHGC` शोधा. फिल्म घेत असाल तर `TSER` बघा. एकमधून एसएचजीसी वजा केला की हाच आकडा मिळतो.

ब्राउन किंवा ग्रे टिंटेड काचेने डोळ्यांना बरं वाटतं, पण ती ऊन शोषून स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता आत सोडते. चांगल्या सोलर कंट्रोल कोटिंगच्या काचेचा एसएचजीसी 0.25 पर्यंत खाली येतो. आपल्या छतासाठी तो धरला तर आत येतात 2,700 वॅट. व्यावसायिक इमारतींसाठीच्या ईसीबीसी 2017 या संहितेत छतातल्या काचेला 0.35 ची कमाल मर्यादा आहे, आणि अशी काच छताच्या पाच टक्क्यांपर्यंतच धरली आहे. आपण तर अख्खं छतच काचेचं करतोय.

आधीच बसवलेल्या साध्या काचेवर फिल्म लावताना जपून. गडद फिल्ममुळे काच जास्त तापते, फ्रेममध्ये दडलेली कडा मात्र त्यामानाने थंड राहते. या फरकामुळे काच तडकते. तडा कडेपासून काटकोनात सुरू झाला असेल तर कारण बहुतेक हेच. आणि डोक्यावरची काच कुठलीही घ्या, ती लॅमिनेटेडच हवी, म्हणजे फुटली तरी तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात.

ब्लाइंड आत की बाहेर?

कोटेशनमधली सगळ्यात मोठी गडबड इथे होती. आतला ब्लाइंड उन्हाला अडवतो, पण ऊन काचेतून आत आल्यानंतर. तापलेला ब्लाइंड जी उष्णता सोडतो, ती काच सहज बाहेर जाऊ देत नाही. पांढरा ब्लाइंड थोडं ऊन परत बाहेर फेकतो, म्हणून साध्या काचेखाली आत येणारी उष्णता निम्म्याच्या आसपास येते. तरीही 5,000 वॅटच्या जवळपास उरतातच, म्हणजे एसी कायम फुल्ल.

हा मुद्दा माझ्या मनचा नाही. इंग्लंडमध्ये जून 2022 पासून नव्या घरांना 'पार्ट ओ' हा नियम लागू झाला. घरं उन्हाळ्यात जास्त तापू नयेत यासाठी तो आहे. त्याच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय की आतले पडदे आणि ब्लाइंड हिशोबात धरायचे नाहीत. पुढच्याच महिन्यात तिथे तापमान पहिल्यांदाच 40 अंशांच्या वर गेलं.

आपल्याकडे बाहेरच्या सावलीचा स्वस्त उपाय म्हणजे नर्सरीवाले वापरतात ते शेडनेट. 75 टक्क्यांचं नेट साध्या काचेच्या वर बांधलं तर आत येतात सुमारे 2,200 वॅट. म्हणजे महागड्या काचेपेक्षाही थोडे कमी! नेट काचेला चिकटवू नका. एक फूट अंतर ठेवा, म्हणजे मधून वारा खेळतो आणि नेटची उष्णता काचेला कमी लागते. फक्त वळवाच्या पावसातला वारा लक्षात ठेवा: नेट तारेवर हुकांनी लावा, म्हणजे पटकन काढता येतं. थंडीत तर ते काढायचंच, तेव्हा ऊन हवंच असतं.

गरम हवा जाणार कुठून?

गरम हवा वर चढते, त्यामुळे छताच्या सर्वांत उंच कडेला एक मोकळी जागा आणि खाली सावलीच्या बाजूला दुसरी, अशी जोडी लागते. फक्त वरचं व्हेंट उघडलं आणि खाली सगळं बंद असेल, तर आत हवा येणार कुठून?

फक्त सोलर कंट्रोल काच असेल आणि खोली बाहेरपेक्षा पाचच अंश जास्त गरम ठेवायची असेल, तर तासाला सुमारे 1,750 घनमीटर हवा बदलावी लागते. वारा पडलेला असेल तर त्यासाठी वर आणि खाली प्रत्येकी जवळपास दीड चौरस मीटर उघडं हवं, म्हणजे जवळजवळ एक दरवाजा! पण त्या काचेवर शेडनेटही लावलं तर आत येणारी उष्णता 700 वॅटच्या आसपास येते आणि हवेची गरज 450 घनमीटरवर. एवढं काम साधा एक्झॉस्ट फॅन करतो. हे सगळे आकडे ढोबळ आहेत, पण कुठला उपाय आधी करायचा ते त्यातून नीट कळतं.

व्हेंटची मर्यादाही समजून घ्या. बाहेर 39 अंश असेल तर कुठलंही व्हेंट आत 35 करणार नाही. तिथे एसी लागतोच, आणि एसी चालू असताना व्हेंट बंद. फक्त आता 700 वॅट उष्णता त्याच्यासाठी किरकोळ आहे.

तुमची खोली आधीच बांधलेली असेल तर दोन साधे थर्मामीटर आणा. फोनमधलं ॲप चालणार नाही, ते बहुतेक वेळा हवामान खात्याचा आकडा दाखवतं किंवा बॅटरीचं तापमान. दुपारी एक वाजता एक थर्मामीटर छताखाली लावा, दुसरा कमरेच्या उंचीवर, दोन्ही सावलीत. वरचा खूपच जास्त दाखवत असेल तर गरम हवा अडकलीय, व्हेंट वाढवा. दोन्ही जवळपास सारखेच आणि बाहेरपेक्षा बरेच जास्त असतील तर ऊनच जास्त येतंय, बाहेरून सावली करा.

मावसभावाच्या कोटेशनमध्ये शेवटी तीन बदल झाले: 0.25 ची लॅमिनेटेड काच, आतल्या ब्लाइंडऐवजी बाहेर शेडनेटसाठी हुक आणि उंच कडेला एक्झॉस्ट फॅन. एसी तोच राहिला, दीड टनाचा.