विश्लेषण : कागदावर ९३ लाख, तरी ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा का अडतो?

मुलांना शिकायला ब्रिटनला पाठवताना अनेक कुटुंबे मुदत ठेवी, म्युच्युअल फंड आणि फ्लॅटची किंमत यांची बेरीज करून सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र काढतात. त्यावर सही-शिक्का असला की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात स्टुडंट व्हिसाचा अधिकारी कुटुंब किती श्रीमंत आहे हे पाहत नाही. आज लागले तर किती पैसे काढता येतील, एवढेच तो पाहतो.

किती रक्कम दाखवावी लागते?

अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाचे उरलेले शुल्क आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च. ११ नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरला जातो. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. त्यातील एक दिवस जरी शिल्लक कमी पडली, तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. खात्याच्या उताऱ्यावरील शेवटची तारीख अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांतली हवी.

उदाहरणाने पाहू

नाशिकच्या एका विद्यार्थिनीला लंडनबाहेरच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे, असे समजा. शुल्क १८ हजार पौंड, त्यातले पाच हजार भरले. उरले १३ हजार. त्यात नऊ महिन्यांचे १०,५३९ मिळवले की २३,५३९ पौंड होतात. हिशेबापुरता पौंड १२० रुपयांचा धरला, तर सुमारे सव्वाअठ्ठावीस लाख रुपये. वडिलांच्या नावावर १८ लाखांची मुदत ठेव, बचत खात्यात तीन लाख, म्युच्युअल फंडात १२ लाख आणि ६० लाखांचा फ्लॅट आहे. बेरीज ९३ लाख. पण धरले जातील फक्त २१ लाख.

मुदत ठेव चालते, मग अडचण कुठे?

ठेव मुदतीआधी मोडता येत असेल तर ती चालते. मात्र करबचतीची पाच वर्षांची ठेव मोडता येत नाही, म्हणून ती बाद. ठेवीवर कर्ज काढले असेल, तर अडकलेला भाग मोकळा राहत नाही. ठेवीच्या पावतीवर ठेवल्याची तारीख आणि मुदतीअंती मिळणारी रक्कम असते. ती मुदतीअंतीची रक्कम मोजू नये. नुसत्या पावतीऐवजी बँकेचे ताजे पत्र घ्यावे. खातेदाराचे नाव, ठेवीची तारीख, आजची रक्कम, मुदतीआधी काढता येते आणि तिच्यावर बोजा नाही, हे त्यात स्पष्ट असावे.

ठेव कोणाच्या नावावर आहे हेही महत्त्वाचे. आई-वडिलांची चालते, सोबत जन्मदाखला आणि त्यांचे संमतिपत्र लागते. काका, आजोबा किंवा भावाची चालत नाही. संस्था नियमनाखालची, संगणकीय नोंदी ठेवणारी आणि पडताळणी होण्यासारखी हवी. त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीबाहेरच्या पतसंस्थेतील ठेवीवर विसंबू नये.

म्युच्युअल फंड का नाही?

युनिटचे मूल्य रोज बदलते आणि विक्रीनंतर पैसे खात्यात यायला काही दिवस जातात. म्हणून फंडाचे विवरणपत्र रोख रकमेच्या जागी चालत नाही. युनिट वेळेत विकणे हाच मार्ग. वरील कुटुंबाला सव्वासात लाख कमी पडतात. विक्रीचे पैसे ४ जूनला खात्यात आले, तर तो पहिला दिवस आणि १ जुलै हा अठ्ठाविसावा. त्या तारखेपर्यंतचा उतारा घेऊन जुलैअखेरपर्यंत अर्ज करता येतो. रुपया घसरू शकतो, म्हणून काठोकाठ न विकता थोडे जास्त विकावे. विक्रीच्या नफ्यावरील कराचाही हिशेब आधी करावा.

आणि फ्लॅट?

मूल्यांकन अहवाल कितीही मोठा असला, तरी या हिशेबात फ्लॅट शून्य. तो विकून पैसे उद्या हातात येत नाहीत. पण तो तारण ठेवून विद्यार्थिनीच्या नावावर शैक्षणिक कर्ज घेता येते. बँकेचे कर्ज मंजुरीपत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले असेल, तर त्या रकमेला २८ दिवसांची अट लागत नाही. फक्त व्हिसा मिळण्याखेरीज दुसरी अट त्यात नसावी.

पर्यटक व्हिसाची गोष्ट वेगळी. तिथे घर, नोकरी, कुटुंब हे ‘माणूस परत येईल’ याचे पुरावे ठरतात. तिकीट-हॉटेलचा खर्च मात्र खात्यातूनच दाखवावा लागतो. ऐनवेळी खात्यात आलेल्या मोठ्या रकमेचा उगमही तपासला जातो. त्यामुळे नातेवाइकांकडून चार दिवसांसाठी पैसे फिरवण्यापेक्षा विक्रीची पावती सोबत जोडलेली बरी.

विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती पडल्यावर ठेवी मोजायला बसलो, तर २८ दिवस पुरत नाहीत. ही मोजणी प्रवेशाचा अर्ज करतानाच व्हायला हवी.