अब्बांना पाठवायचा मेसेज

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाने पुण्याहून मला एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "खाला, उद्या अब्बांना साठ पूर्ण होतात. हे त्यांना पाठवायचंय. शुद्धलेखन तेवढं बघा." मी वाचायला घेतलं तर तो संपेचना. वहीवर उतरवून मोजले, 312 शब्द भरले. शुद्धलेखनात फारसं काही नव्हतं, अडचण दुसरीच होती.

वाढदिवस साजरा करावा की नाही, यावर आपल्या घरांत दोन मतं आहेत. त्यात मी पडत नाही. मुलगा बापाला चार शब्द लिहितो आहे, एवढंच मी पाहिलं.

दूल्हाभाई फलटणमध्ये शिलाईचं दुकान चालवतात. शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. चष्मा कपाळावर ढकलून, मोबाईल हातभर लांब धरून वाचतात. मेसेज लांब असला की तो पडद्यावर अर्धाच दिसतो, पुढचं वाचायला खाली बोट लावावं लागतं. ते बोट लावायचं दूल्हाभाईंच्या लक्षातच येत नाही. म्हणजे वरचा जेवढा भाग दिसेल, तेवढाच त्यांच्यापर्यंत पोहोचणार. आणि वरच्या भागात काय होतं? "आदरणीय व प्राणप्रिय अब्बाजान, सर्वप्रथम आपणांस वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. काळ कसा भुर्रकन उडून जातो ते कळतच नाही. बाप म्हणजे घराचा आधारस्तंभ, बाप म्हणजे वटवृक्षाची सावली..." अशा अकरा ओळी.

मी रात्री त्याला फोन लावला. म्हटलं, वही घे. पहिल्या वाक्यापासून सुरू करू आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारू: हे वाक्य तुझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलाने त्याच्या बापाला पाठवलं तर चालेल का? चालत असेल तर ते तुझ्या अब्बांचं नाही, खोडून टाक. काळ उडाला, गेला. आधारस्तंभ गेला, वटवृक्ष गेला. "तुम्ही रात्रंदिवस कष्ट केलेत" याला तो अडला. "पण खाला, ते खरं आहे ना?" खरं आहेच, पण कुठल्या बापाने केले नाहीत? कष्ट कसले ते दिसलं पाहिजे.

मग आला मधला भाग. त्यात त्याची नोकरी, साहेबांचा स्वभाव, सुट्टी का मिळत नाही, हडपसरची वाहतूक, मागच्या ईदला का आलो नाही, हे सगळं होतं. या भागाला मघाचा प्रश्न लावून उपयोग नाही, कारण हे दुसऱ्या कोणाला पाठवता येत नाही, हे त्याचंच आहे. पण हे सगळं त्याच्याबद्दल आहे आणि वाढदिवस अब्बांचा. ईदला न आल्याची माफी मागायची असेल तर फोन करून माग, शुभेच्छांत गुंडाळून देऊ नकोस. वाढदिवसाच्या दिवशी बाप "असू दे बेटा" म्हणण्याशिवाय दुसरं काय म्हणणार? ती माफी मागितल्यासारखी होत नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग त्यानेच ते खोडलं.

एवढं झाल्यावर तळाशी, शेवटून सहाव्या ओळीत, मला हे सापडलं: "बारावीला मी नापास झालो तेव्हा सगळे बोलले पण तुम्ही काही बोलला नाहीत, ऑक्टोबरच्या परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही मला नवीन शर्ट शिवला होता, खरं तर मी पेपरला जाणारच नव्हतो, असो, जुन्या आठवणी आहेत."

मी विचारलं, "जाणार नव्हतास? हे अब्बांना माहीत आहे?"

"नाही. कोणालाच नाही. सकाळी उठलो तर शर्ट खुंटीवर टांगलेला. मग कसं नाही जाणार?"

बारा-तेरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्याने वटवृक्षाखाली पुरली होती आणि वर "असो" म्हणून माती लोटली होती. माझ्या अनुभवात मुलांच्या लिखाणात हे नेहमी होतं. खरी गोष्ट लिहायला भीड वाटते, म्हणून आधी भरपूर भारी शब्द येतात, आणि जिथे "असो", "जाऊ द्या", "काय सांगू" असं येतं तिथेच गाभा असतो. लांबलेला मजकूर कापायला बसलात तर आधी ही "असो" शोधा.

आम्ही शाळेत सारांशलेखन शिकवतो, उताऱ्याचा एक तृतीयांश करा म्हणून. भाच्याला तीच सवय. त्याने आधी तसंच केलं होतं, सगळ्या मुद्द्यांचं थोडं थोडं ठेवून 100 शब्द केले, आणि ते पहिल्यापेक्षा निर्जीव झाले. सारांशात सगळे मुद्दे राखायचे असतात. इथे एक राखायचा आणि बाकीचे सोडायचे, मग ते चांगले असले तरी. सायकलच्या दांडीवर बसून शाळेत गेल्याची आठवण चांगली होती. ती मी पुढच्या वर्षासाठी ठेव म्हटलं.

मग तो दुसऱ्या टोकाला गेला. लिहून पाठवलं: "अब्बा, वाढदिवस मुबारक. त्या शर्टाबद्दल शुक्रिया." हे तर तारेसारखं झालं, शब्दाला पैसे पडत असल्यासारखं. दूल्हाभाईंनी आयुष्यात हजारो शर्ट शिवले, त्यांना कोणता शर्ट ते कसं कळणार? रात्र, परीक्षा आणि खुंटी एवढं राहिलंच पाहिजे.

उर्दूत पूर्वी पत्राच्या सुरुवातीला अलकाब आणि आदाब यांचीच रांग असायची. मराठीतला लांबलचक मायना त्याचाच भाऊ. मिर्झा ग़ालिब यांनी आपल्या पत्रांत ती रांग मोडली आणि समोर बसल्यासारखं लिहिलं. "ऊद-ए-हिंदी" हा त्यांच्या पत्रांचा संग्रह 1868 साली निघाला. तरी आपण अजून "सर्वप्रथम" सोडत नाही.

शेवटची दुआ राहिली. मूळ मेसेजमध्ये उदंड आयुष्य, सुख, समृद्धी, यश, सर्व इच्छा, अशी सात मागणी एका दमात होती. मी म्हटलं, एकच माग, पण दर्ज्याच्या माणसासाठी कोणी मागेल अशी माग. आणि घरात अब्बांशी बोलतोस त्या शब्दांत. "आपणांस" कधी म्हणाला होतास त्यांना?

रात्री साडेअकराला 42 शब्दांचा हा मजकूर तयार झाला:

"अब्बा, सालगिरह मुबारक. बारावीला नापास झालो तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. ऑक्टोबरच्या पेपराच्या आदल्या रात्री जागून माझा शर्ट शिवलात. तुम्हाला माहीत नाही, मी पेपरला जाणारच नव्हतो. सकाळी खुंटीवर शर्ट दिसला आणि गेलो. अल्लाह तुमच्या डोळ्यांचा नूर आणि हातांची बरकत सलामत ठेवो."

पाठवण्याआधी मी त्याला तो मोठ्याने वाचायला लावला. ज्या जागी जीभ अडखळते ती जागा अजून कच्ची असते. तो अडखळला, "जाणारच नव्हतो" पाशी, पण ते अडखळणं वेगळं होतं. तिथे मी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बहीण सांगत होती, दूल्हाभाईंनी मेसेज दुकानातच वाचला, चष्मा पुसला आणि मशीन बंद करून थोडा वेळ बाहेर जाऊन उभे राहिले. संध्याकाळी मुलाला उत्तर गेलं, त्यांच्या स्वतःच्या बोटांनी टाइप केलेलं: "शर्ट आहे का अजून? ईदला ये तेव्हा आण. कॉलर पलटून देतो."