पोरीला गाडी "विकली" असं का लिहायचं?

आमचे मामा बडनेऱ्यातच राहतात, रेल्वेतून निवृत्त. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं. 2016 ची पेट्रोल कार, एमएच 27 पासिंग, दारात उभी. धाकटी मुलगी अमरावतीत नोकरी करते, रोज येणंजाणं. मामांनी सरळ किल्ली तिच्या हातात दिली. विषय संपला असं त्यांना वाटलं. वर्षभर गाडी पोरगी चालवत होती आणि ई-चलान मामाच्या मोबाइलवर येत होतं.

मी मागे लागलो तेव्हा मामा एका एजंटकडे गेले. तो म्हणाला, "काका, आरटीओत गिफ्ट-बिफ्ट चालत नाही. वीस हजारांत विकली असं दाखवू, मी करून देतो, सहा हजार लागतील." मामा तिथून थेट माझ्याकडे आले, चिडलेले. "आपल्याच पोरीले गाडी इकली असं म्या काहून लिहू? मले काय पैसे भेटले?"

मामांचं म्हणणं बरोबर होतं, आणि एजंटचंही अर्धं बरोबर होतं. ते अर्धं कसं, ते सांगतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम 50 फक्त "मालकी हस्तांतरित झाली" एवढंच म्हणतं. विकून झाली की देऊन झाली, हे तो विचारत नाही. नियमांत वाटा तीनच आहेत: साधं हस्तांतर, मालकाचा मृत्यू आणि लिलाव. दिलेली गाडी पहिल्याच वाटेनं जाते. घोळ होतो तो छापील फॉर्ममध्ये. फॉर्म 29 मध्ये देणारा लिहितो की मी गाडी विकली आणि ताब्यात दिली. फॉर्म 30 मध्ये घेणारा लिहितो की मी विकत घेतली. बक्षीस दिली म्हणायला जागाच नाही. याच रिकाम्या जागेवर एजंटचे सहा हजार उभे राहतात.

आता फीचं बघा. लोकांना वाटतं, गिफ्ट दाखवली तर फी माफ होत असेल, नाहीतर उलट जास्त लागत असेल. दोन्ही चूक. केंद्रीय नियमांच्या नियम 81 च्या तक्त्यात हस्तांतराची फी नोंदणी फीच्या निम्मी आहे. कारला 300 रुपये, मोटरसायकलला 150. स्मार्ट कार्डचे 200 आणि टपालखर्च वेगळा. मुलीला दिली काय किंवा अनोळखी माणसाला विकली काय, आकडा तोच. अमेरिकेत टेक्सासमध्ये जुन्या गाडीच्या विक्रीवर सव्वासहा टक्के कर आहे आणि घरच्याला भेट दिली तर फक्त 10 डॉलर, म्हणून तिथं भेट सिद्ध करायला लोक धडपडतात. आपल्याकडे दोन खाजगी माणसांतल्या जुन्या गाडीच्या व्यवहारावर जीएसटी नाही, आणि एकरकमी रोड टॅक्स गाडीसोबतच जातो. त्यामुळे खोटी विक्री दाखवून वाचत काहीच नाही. आयकराचंही तेच. भेट मिळालेल्या ज्या वस्तूंवर कर लागतो, त्या यादीत जमीन, शेअर, दागिने, चित्रं आहेत, मोटार नाही. आणि मुलगी तर जवळची नातेवाईक, तिला तसाही लागला नसता.

खोट्या किमतीचा तोटा मात्र आहे. उद्या मामांच्या दोन मुलांपैकी कोणी विचारलं की वीस हजार कुठे गेले, तर पोरीनं काय दाखवायचं? तिनं पैसे दिल्याची पावती नाही, बँकेत नोंद नाही. कागद म्हणतो विकत घेतली, पण पैशाचा पत्ता नाही. भांडणाला एवढं पुरतं.

आम्ही काय केलं? एका वकील मित्रानं बारीक गोष्ट सांगितली. जंगम वस्तूचं दान ताबा देऊन पूर्ण होतं, त्याला रजिस्ट्री लागत नाही. पण "देतो" असं दानपत्र लिहिलं की मुद्रांक शुल्काचा प्रश्न येतो. मामांनी तर गाडी आधीच देऊन टाकलेली. म्हणून प्रतिज्ञापत्रात तेवढंच लिहिलं: ही गाडी मी मुलीला अमुक तारखेला मोबदला न घेता बक्षीस दिली, ताबा दिला, तिनं स्वीकारला. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर घातला. दोन्ही भावांच्या साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या. कायद्याला त्या लागत नाहीत, घराला लागतात. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज भरला आणि छापील फॉर्मवर "विकली" खोडून "बक्षीस दिली" लिहून मामांनी बाजूला सही केली. खिडकीवरच्या बाईंनी एकदा वाचलं, प्रतिज्ञापत्र बघितलं आणि घेतलं.

अडलो ते भलतीकडेच. गाडीचं कर्ज 2019 लाच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. मामांना वाटलं, हप्ते संपले म्हणजे नाव आपोआप निघालं. नाही निघत. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 आणून आधी तो बोजा उतरवावा लागला, त्यात तीन आठवडे गेले. गाडी एप्रिल 2019 च्या आधीची, म्हणून नवी एचएसआरपी नंबर प्लेटही आधी बसवावी लागली. थकलेली चलानं भरली ती पोरीनं, हे न्यायाचंच झालं.

नंतर विमा. हा भाग एजंट सांगतच नाहीत. नाव बदललं की थर्ड पार्टी विमा कायद्यानंच नव्या मालकाकडे जातो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर असं आपोआप जात नाही. 14 दिवसांत कंपनीला कळवावं लागतं. आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. मामांच्या पॉलिसीत 50 टक्के सूट होती, ती पोरीला मिळाली नाही, उरलेल्या महिन्यांचा फरक भरावा लागला. मामांनी त्या बोनसचं सर्टिफिकेट मात्र काढून ठेवलं. तीन वर्षांत दुसरी गाडी घेतली तर चालतं.

एवढा खटाटोप कशाला, असं विचारणारे खूप आहेत. गाडी घरचीच आहे ना! 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सांगून ठेवलंय की आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. त्या प्रकरणात गाडी हातोहात पुढे गेली होती, अपघात भलत्याच्या हातून झाला, तरी भरपाईची जबाबदारी आली ती कागदावरच्या मूळ मालकावर. जावयाला दिलेली मोटरसायकल अजून सासऱ्याच्या नावावर असेल आणि तिचा विमा संपलेला असेल, तर दावा सासऱ्याच्या दारात येतो. कायद्यात देणाऱ्याला 14 दिवसांत आणि घेणाऱ्याला 30 दिवसांत कळवायची मुदत आहे. मामांनी वर्ष घालवलं होतं.

माझी मागणी साधी आहे. फॉर्म 29 आणि 30 मध्ये "विकली" शेजारी "बक्षीस दिली" एवढा एक पर्याय छापा. ते दिल्लीचं काम आहे, वेळ लागेल. तोवर प्रत्येक आरटीओच्या फलकावर दोन ओळी लावायला कोणाची परवानगी लागते? बक्षीस दिलेली गाडी याच फॉर्मवर होते, फी तीच, किंमत लिहायची गरज नाही. आपले आमदार-खासदार ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनी एवढं पत्र तरी द्यावं.

आणि ज्यांना हयातीत गाडी द्यायची नाही, पण मागे भांडणही नको, त्यांच्यासाठी 2021 पासून आरसीवर नॉमिनी लावायची सोय आहे. मालक गेल्यावर 30 दिवसांत कळवून, तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी त्याच्या नावावर होते. मामांनी स्वतःच्या जुन्या स्कूटरला मामींचं नाव तेव्हाच लावून घेतलं.